नऊ डेपो, एक गोदाम आणि वर्गमुळाचा हिशेब

१ जुलै २०१७ च्या आधी भारतात पंखे, साबण, मिक्सर किंवा औषधे बनवणाऱ्या कोणत्याही मोठ्या कंपनीचा नकाशा पाहिला, तर त्यावर जवळजवळ प्रत्येक राज्यात एक ठिपका दिसायचा. तो ठिपका म्हणजे कंपनीचा डेपो. कुठे तो कंपनीचा स्वतःचा असे, तर बहुतेक ठिकाणी सी अँड एफ एजंटाचा. पुण्याजवळ कारखाना असलेल्या कंपनीचा डेपो बेळगावात किंवा हुबळीत असे, शेजारच्या गोव्यात दुसरा असे, हैदराबादला तिसरा. बेळगावच्या व्यापाऱ्याला कोल्हापूरहून माल दोन-तीन तासांत मिळू शकत होता. तरीही तो माल कर्नाटकातल्याच डेपोतून यावा लागे.

कारण रस्त्याचे नव्हते, कराचे होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याला थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा. सी फॉर्म दिला तर शेवटच्या काळात तो २ टक्के होता, आणि विकत घेणाऱ्याला त्याची वजावट मिळत नसे. पण कंपनीने आपलाच माल आपल्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोला पाठवला, तर ती विक्री धरली जात नसे. एफ फॉर्म भरला की काम होई. मग त्या डेपोतून स्थानिक व्यापाऱ्याला व्हॅट लावून विक्री केली जाई आणि त्या व्हॅटची वजावट व्यापाऱ्याला मिळे. जिथे नफाच चार-पाच टक्क्यांचा, तिथे दोन टक्के वाचवण्यासाठी प्रत्येक राज्यात गोदाम उघडणे शहाणपणाचे होते. मुंबईच्या भोवती तर याला जकातीची जोड मिळाली. भिवंडीच्या परिसरात ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामांची रांगच उभी राहिली, त्याचे एक मोठे कारण मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर माल थांबवता येत होता, हे होते.

जीएसटी आला आणि राज्याराज्यांत डेपो ठेवण्याचे हे कारण एका रात्रीत नाहीसे झाले. आता माल कोल्हापुरातून बेळगावला विका किंवा बेळगावच्या डेपोतून विका, कराची वजावट सारखीच मिळते. तेव्हा कंपन्यांच्या वितरण विभागांत एक जुना प्रश्न नव्याने टेबलावर आला. हे सगळे डेपो एकत्र केले, तर किती साठा वाचेल?

पाठ्यपुस्तकाचे उत्तर झटक्यात येते. नऊ डेपोंचे एक गोदाम केले, तर अचानक वाढणाऱ्या मागणीसाठी ठेवलेला साठा एक तृतीयांशावर येतो, कारण नऊचे वर्गमूळ तीन. चारांचे एक केले तर निम्म्यावर. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते नेमके कोणत्या साठ्याबद्दल आहे आणि कोणत्या अटीवर खरे आहे, हे सोडून दिले की त्याच उत्तरावरून महागडे निर्णय घेतले जातात.

आधी तो साठा म्हणजे काय ते पाहू. मिक्सर बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे नऊ राज्यांत नऊ डेपो आहेत आणि प्रत्येक डेपोतून आठवड्याला सरासरी २०० मिक्सर जातात. पण २०० ही सरासरी झाली. एखाद्या आठवड्यात १५० जातात, एखाद्यात २७०. हे वरखाली होणे मोजायला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन वापरतात. आपल्या डेपोंसाठी ते आठवड्याला ६० मिक्सर आहे असे धरू. म्हणजे साधारण तीनपैकी दोन आठवडे विक्री १४० ते २६० च्या दरम्यान राहते. कारखान्याकडे मागणी नोंदवल्यापासून माल डेपोत उतरेपर्यंत चार आठवडे लागतात. या चार आठवड्यांत सरासरी ८०० मिक्सर विकले जाणार, पण ते ९५० ही होऊ शकतात. त्या जास्तीच्या दीडशेंसाठी जो माल बाजूला ठेवायचा, तो राखीव साठा. गोदामात त्याला सगळे सेफ्टी स्टॉक म्हणतात.

किती ठेवायचा, याचे सूत्र लहान आहे:

SS = z × σ × √L

यात σ म्हणजे आठवड्याचे प्रमाण विचलन, L म्हणजे माल यायला लागणारे आठवडे, आणि z हा आपल्याला किती खात्री हवी यावर ठरणारा आकडा. वीस खेपांपैकी एखाद्याच खेपेला माल संपला तर चालेल, असे ठरवले तर z १.६५ येतो. आपल्या डेपोसाठी १.६५ × ६० × २ म्हणजे १९८ होतात, सोयीसाठी २०० म्हणू. नऊ डेपोंचे मिळून १,८०० मिक्सर केवळ अनिश्चिततेसाठी पडून राहतात.

आता हे नऊ डेपो बंद करून एकच गोदाम उघडले, तर या १,८०० पैकी किती ठेवावे लागतील?

सूत्राकडे वळण्याआधी एक सोपी कल्पना करून पाहू. समजा एखाद्या डेपोची मागणी आठवड्याला एकतर ८० असते किंवा १२०, आणि दोन्हींची शक्यता सारखीच. माल कधीच कमी पडू द्यायचा नसेल तर डेपोत १२० ठेवावे लागतील. असे दोन डेपो असतील तर २४०. दोन्ही एकत्र केले तर मात्र चार शक्यता होतात. दोन्हीकडे मागणी कमी, पहिल्याकडे जास्त आणि दुसऱ्याकडे कमी, त्याच्या उलट, किंवा दोन्हीकडे जास्त. म्हणजे २४० ची गरज चारपैकी एकाच वेळी पडते. चार डेपो एकत्र केले तर सगळीकडे एकाच आठवड्यात मागणी चढण्याची वेळ सोळातून एकदा येते, नऊ केले तर ५१२ मधून एकदा. वेगवेगळ्या डेपोंत आपण नेमक्या त्या ५१२ व्या वेळेची तयारी रोज करत असतो. हैदराबादच्या डेपोत माल उरला आहे आणि भोपाळच्या डेपोत तुटवडा आहे, असे जेव्हा घडते, तेव्हा हैदराबादचा उरलेला माल भोपाळच्या कामाचा नसतो. एका गोदामात तो आपोआप कामाला येतो. रिस्क पूलिंग म्हणतात ते एवढेच.

वर्गमूळ कुठून येते, हे पाहायला शाळेतला पायथागोरस पुरतो. दोन डेपोंचे चढउतार एकमेकांशी संबंध नसलेले असतील, तर ते सरळ बेरजेने वाढत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे वाढतात. एकाचे विचलन ३० आणि दुसऱ्याचे ४० असेल, तर दोघांचे मिळून ७० होत नाही, ५० होते. वर्गांची बेरीज करायची आणि मग वर्गमूळ काढायचे. नऊ सारख्या डेपोंसाठी ६० चा वर्ग नऊ वेळा मिळवला आणि वर्गमूळ काढले, की १८० येते. सरळ बेरीज केली असती तर ५४० आले असते. म्हणून एका गोदामाचा राखीव साठा १.६५ × १८० × २, म्हणजे सुमारे ६०० मिक्सर. १,८०० चे ६०० झाले. सूत्रातल्या √L मध्येही हाच पायथागोरस आहे. चार आठवड्यांचे चढउतार एकमेकांना काही प्रमाणात खोडतात, म्हणून अनिश्चितता चौपट न होता दुप्पट होते.

ही कल्पना गोदामांत जन्मलेली नाही. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये बँकांबद्दल हाच मुद्दा मांडला होता. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत, म्हणून बँकेला हाताशी ठेवायची रोकड ठेवींच्या प्रमाणात वाढवावी लागत नाही, ती वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मालाच्या साठ्यासाठी हा वर्गमुळाचा नियम डेव्हिड मेस्टर यांनी १९७६ मध्ये मांडला, आणि १९७९ मध्ये गॅरी एपन यांनी मागण्या एकमेकींशी जोडलेल्या असतील तर काय होते ते दाखवले. व्यवस्थापनाच्या वर्गात मेस्टरांचे तीनाला एक हे उत्तर सगळ्यांच्या लक्षात राहते. एपन यांची अट तितकीशी राहत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

ती अट अशी की डेपोंच्या मागण्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. भोपाळला विक्री वाढली म्हणून हैदराबादलाही वाढेल असे काही नको. मिक्सरच्या बाबतीत हे किती खरे आहे? दिवाळीला सगळीकडे विक्री चढते. कंपनीने दूरचित्रवाणीवर जाहिरात सुरू केली की ती सगळीकडेच दिसते. स्पर्धकाने किंमत उतरवली तर नऊही डेपोंना एकाच वेळी झळ बसते. अशा वेळी एका डेपोचा चढ दुसऱ्याच्या उताराने खोडला जात नाही.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. डेपोंमधला सहसंबंध शून्य असेल तर ६०० मिक्सर पुरतात. तो फक्त ०.२ असला, जो नुसत्या नजरेला जाणवतही नाही, तरी सुमारे ९६० लागतात. ०.५ असला तर १,३०० च्या वर. आणि सगळे डेपो पूर्णपणे एका तालात चढत-उतरत असतील, तर १,८०० चे १,८००. एकत्र केल्याने काहीच वाचत नाही.

पण इथेही घाई चालत नाही, कारण सहसंबंध कशाचा मोजायचा हे महत्त्वाचे आहे. रेनकोट विकणाऱ्या कंपनीचे उदाहरण घ्या. मुंबईत तिचा हंगाम जूनपासून, चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर. दोन्ही डेपोंची वर्षभराची विक्री शेजारी ठेवली तर एक चढते तेव्हा दुसरी उतरते असे दिसेल आणि एखादा हुशार विश्लेषक म्हणेल की एकत्र करायला याहून चांगली जोडी नाही. पण पाऊस कधी येतो हे कंपनीला आधीच ठाऊक असते, त्यासाठी राखीव साठा लागत नाही. राखीव साठा लागतो तो अंदाज चुकण्यासाठी. म्हणून मोजायचा तो विक्रीचा सहसंबंध नाही, अंदाजातल्या चुकांचा. दिवाळीची वाढ आधीच अंदाजात धरलेली असेल, तर सगळे डेपो दिवाळीत एकत्र चढले म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते सगळीकडे दिवाळी अंदाजापेक्षा फिकी किंवा जोरदार गेली तर.

हे तपासायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक डेपोला एक स्तंभ, प्रत्येक आठवड्याला एक ओळ, आणि प्रत्येक चौकटीत त्या आठवड्याचा अंदाज वजा खरी मागणी. शेवटच्या स्तंभात नऊ डेपोंची बेरीज. मग प्रत्येक स्तंभाचे प्रमाण विचलन काढायचे. आपल्या उदाहरणात नऊ डेपोंच्या विचलनांची बेरीज ५४० आहे. शेवटच्या स्तंभाचे विचलन १८० च्या आसपास आले तर वर्गमुळाचा नियम लागू आहे. ४०० च्या वर आले तर निम्म्याहून जास्त आश्वासन हवेत विरले. दोन वर्षांच्या नोंदी असल्या तर एका दुपारचे काम आहे, तरीही गोदामे बंद करण्याचे अनेक प्रस्ताव हे न करताच मांडले जातात.

भारतीय कंपन्यांच्या नोंदींत आणखी एक खास गोंधळ असतो. विक्री विभागाचे लक्ष्य महिनाअखेरीला पूर्ण करायचे असते, म्हणून शेवटच्या आठवड्यात व्यापाऱ्यांच्या गळ्यात माल उतरवला जातो. हे सगळ्या राज्यांत एकाच आठवड्यात घडते. डेपोतून बाहेर पडलेल्या मालाचे आकडे घेतले, तर सगळे डेपो अगदी एका तालात नाचताना दिसतात. ग्राहक मात्र महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेला मिक्सर घ्यायला धावत नसतो. व्यापाऱ्याच्या दुकानातून झालेली विक्री घेतली तर तो ताल बराच विरळ होतो. कोणते आकडे घ्यायचे यावर उत्तर दुप्पट-तिप्पट बदलते. ज्या आठवड्यात डेपोत माल संपला होता त्या आठवड्याची विक्री शून्य दिसते, मागणी शून्य नसते, हेही लक्षात ठेवावे लागते.

समजा हे सगळे तपासले आणि १,८०० चे खरोखर ६०० झाले. आता साठा दोन तृतीयांशाने कमी झाला असे संचालकांना सांगता येईल का? नाही. राखीव साठा हा एकूण साठ्याचा एक भाग आहे. रोजच्या विक्रीसाठी येणारा आणि संपणारा माल वेगळा. प्रत्येक डेपोला दर आठवड्याला २०० मिक्सरची गाडी येत असेल, तर गाडी आल्यावर २०० आणि पुढची येण्याआधी शून्य, म्हणजे सरासरी १०० मिक्सर डेपोत असतात. नऊ डेपोंत ९००. एका गोदामाला आठवड्याला १,८०० मिक्सर आले तरी सरासरी ९००च राहतात. म्हणजे पूर्वीचे १,८०० अधिक ९०० असे २,७०० होते, आता ६०० अधिक ९०० असे १,५०० झाले. घट ४४ टक्के. वाईट नाही, पण सदुसष्ट टक्के नाही. कारखान्यातून वाटेवर असलेला माल तर यात धरलेलाच नाही, आणि गोदामे कितीही केली तरी तो कमी होत नाही. (कमी वेळा मोठी खेप मागवायची ठरवली तर या चालू साठ्याचेही गणित बदलते आणि तिथेही वर्गमूळ येते, पण गाड्या ठरलेल्या वारी धावत असतील तर ते लागू होत नाही.)

डेपो एकसारखे नसतील तर चित्र आणखी फिके होते. मोठ्या डेपोचे विचलन १२० आणि लहानाचे १० असेल, तर पायथागोरसने दोघांचे मिळून १२०.४ होते. लहान डेपोचा राखीव साठा जवळजवळ पूर्ण वाचला, पण तो मुळात होताच किती? सारखे दोन डेपो जोडले तर २९ टक्के वाचतात, हे जोडून सात.

आता पैशांत बोलू. मिक्सरची किंमत २,५०० रुपये धरली तर वाचलेले १,२०० मिक्सर म्हणजे ३० लाख रुपये. हे भांडवल एकदाच मोकळे होते. दरवर्षी वाचतो तो त्यावरचा खर्च: व्याज, विमा, जागा, तुटफूट, जुना पडलेला माल. तो वर्षाला २० टक्के धरला तर ६ लाख रुपये. आकडा भरघोस वाटतो. पण ही कंपनी वर्षाला ९३,६०० मिक्सर विकते. ६ लाखांना तेवढ्यांनी भागले तर नगामागे ६ रुपये ४० पैसे येतात. एका गोदामातून गुवाहाटीपासून कोचीपर्यंत माल पाठवताना, भरलेल्या मोठ्या ट्रकऐवजी लहान-लहान खेपा पाठवताना, प्रत्येक मिक्सरमागे वाहतूक ६ रुपये ४० पैशांनी वाढली की वर्गमुळाने दिलेले सगळे ट्रकवाल्याने नेले. मिक्सरसारख्या अवजड खोक्यासाठी तेवढी वाढ व्हायला फार लांब जावे लागत नाही. डेपोंचे भाडे आणि माणसांचे पगार वाचतात ते वेगळे. ते बहुधा साठ्याच्या बचतीपेक्षा मोठे असतात, पण त्यांचा वर्गमुळाशी काही संबंध नाही.

मग हा नियम कामाचा कुठे? त्याच कंपनीच्या सुट्या भागांच्या कपाटात. हॉटेलांत वापरायच्या मोठ्या मिक्सरची एक मोटर आहे, किंमत तीच २,५०० रुपये धरू, आणि प्रत्येक डेपोतून ती चार आठवड्यांत सरासरी एकच विकली जाते. यायला चार आठवडेच लागतात. अशा कधीमधी विकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी वेगळे गणित लावावे लागते. त्यानुसार डेपोत दोन मोटरी ठेवल्या तर आठ टक्के वेळा त्या कमी पडतात. म्हणून तीन ठेवाव्या लागतात. तीन ही गरजेपेक्षा थोडी जास्तच खात्री आहे, पण अडीच मोटरी ठेवता येत नाहीत. नऊ डेपोंत २७ झाल्या. एका गोदामात मात्र चार आठवड्यांची सरासरी मागणी नऊ, आणि चौदा मोटरी ठेवल्या की ९५ टक्क्यांच्या वर खात्री मिळते. २७ च्या जागी १४. तेरा मोटरींचा वर्षाचा खर्च ६,५०० रुपये वाचला, आणि वर्षाला विकल्या गेल्या ११७ मोटरी. नगामागे ५५ रुपये. मिक्सरच्या तुलनेत जवळजवळ नऊ पट, किंमत सारखीच असूनही. मोटरीच्या जागी २५,००० रुपयांचे आयात केलेले सर्किट बोर्ड असते, तर नगामागे साडेपाचशे रुपये निघाले असते. तेवढ्यात हातभर आकाराचे पाकीट विमानाने कुरिअर करता येते.

म्हणून जे विरळ विकले जाते, महाग आहे, हलके आहे आणि ज्याची मागणी कुठून येईल सांगता येत नाही, ते एका ठिकाणी ठेवायचे. जे रोज विकले जाते, स्वस्त आणि अवजड आहे, ते ग्राहकाजवळ ठेवायचे. यंत्रांचे सुटे भाग सांभाळणाऱ्यांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तयार माल सांभाळणारे मात्र अनेकदा सगळ्या मालाला एकच धोरण लावतात. कारण डेपो एकतर बंद करता येतो किंवा चालू ठेवता येतो, अर्धा बंद करणे कुणाला सुचत नाही.

नऊ आणि एक याच्या मधल्या पायऱ्याही आहेत. आपल्या कंपनीने नऊंऐवजी चार प्रादेशिक गोदामे ठेवली तर राखीव साठा १,२०० होतो. म्हणजे नऊवरून चारावर येताना ६०० वाचले, आणि चारावरून एकावर येताना आणखी ६००. बचत सारखीच, पण दुसऱ्या टप्प्यात ग्राहकापर्यंतचे अंतर कितीतरी वाढते. जीएसटीनंतर भारतात मोठी गोदामे भिवंडी, बंगळूरुजवळ होस्कोटे, गुरुग्रामजवळ फरुखनगर-लुहारी, कोलकात्याजवळ डानकुनी अशा चार दिशांच्या मोठ्या बाजारांभोवती वाढली, त्यामागे हेही गणित आहे. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरबद्दल एक गोदाम, एक देश अशी चर्चा वारंवार होते. मिक्सरसाठी ती कदाचित टिकणार नाही, सर्किट बोर्डासाठी टिकू शकेल.

आणखी एक गळती कंपनीच्या ताळेबंदात दिसतच नाही. डेपो गावातच होता तेव्हा व्यापारी सकाळी फोन करी आणि दुपारी टेम्पो येई. तो दुकानात जेमतेम दोन दिवसांचा माल ठेवत असे. आता माल तीन-चार दिवसांनी येतो. व्यापारी तक्रार करत नाही, तो मुकाट्याने जास्त माल भरून ठेवू लागतो. कंपनीने नऊ डेपोंची अनिश्चितता एका ठिकाणी आणली आणि ती चारशे दुकानांत पुन्हा पसरली, जिथे एका दुकानातला उरलेला मिक्सर दुसऱ्याच्या काहीच कामाचा नाही. कारखाना ते ग्राहक अशी पूर्ण साखळी मोजली तर साठा वाढलेलाही असू शकतो. हे ओळखायच्या खुणा आहेत. व्यापाऱ्यांच्या मागण्या मोठ्या आणि कमी वेळा येऊ लागतात, उधारीचे दिवस वाढवून मागितले जातात, महिनाअखेरीला दुकानातला शिल्लक माल चढत जातो. कंपनीच्या बैठकीत तेव्हाही साठा घटल्याचा आलेख दाखवला जात असतो.

काही कंपन्या माल न हलवताच एकत्र करतात. डेपो आहेत तिथेच राहतात, पण सगळ्यांचा साठा एका संगणकावर दिसतो, आणि भोपाळला मोटर संपली तर हैदराबादहून पाठवली जाते. सरासरी मागणी स्थानिक साठ्यातून भागते, वाहतूक फक्त अपवादाला लागते. मात्र यासाठी नोंदी खऱ्या असाव्या लागतात आणि हैदराबादच्या माणसाला आपला माल सोडावासा वाटला पाहिजे. त्याचे वेतन त्याच्या राज्यातल्या विक्रीवर ठरत असेल, तर तो शेवटची मोटर दडवून ठेवणारच.

वर्गमुळाच्या सूत्रात गोदाम चालू आहे हे गृहीत धरलेले असते. ब्रिटनमधल्या केएफसीने २०१८ च्या फेब्रुवारीत त्याची किंमत मोजली. तिथल्या सुमारे ९०० दुकानांना कोंबडी पुरवण्याचे काम कंपनीने बिडवेस्ट या पुरवठादाराकडून काढून डीएचएलकडे दिले. नवी व्यवस्था रग्बी इथल्या एकाच गोदामावर उभी होती. १४ फेब्रुवारीला बदल झाला, त्याच दिवशी जवळच्या महामार्गावर अपघातांमुळे वाहतूक खोळंबली, आणि गोदामातली नवी यंत्रणा मागे पडली ती सावरलीच नाही. काही दिवसांत निम्म्याहून अधिक दुकानांना टाळे लागले. ताजी कोंबडी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे दुकानांत राखीव साठा नव्हताच, आणि जुनी व्यवस्था असती तर एक गोदाम अडल्यावर एका भागातली दुकाने उपाशी राहिली असती, इथे सगळीच राहिली. एकत्र केल्यावर मागणीचे चढउतार खोडले जातात, गोदामाचे स्वतःचे आजारपण खोडले जात नाही. ते उलट सगळ्यांपर्यंत पोहोचते. मार्चमध्ये केएफसीने देशाच्या उत्तर भागातल्या साडेतीनशेपर्यंत दुकानांचा पुरवठा पुन्हा बिडवेस्टकडे सोपवला.